दिवाळीच्या गर्दीत कार्टची आठवण: किती आणि कशी?

प्रश्न : नागपूरच्या इतवारीत आमचं साड्यांचं दुकान आहे, ऑनलाइनही विकतो. दिवाळीत लोक साडी कार्टमध्ये टाकतात आणि निघून जातात. आठवणीचे मेल किती पाठवायचे, कधी पाठवायचे?

दोनच पाठवा. दुसऱ्या मेलमध्ये पहिल्यात नसलेलं काहीतरी हवं. तोच मजकूर पुन्हा गेला की ग्राहकाला ती कटकट वाटते.

पहिला मेल कार्ट सोडल्यावर साधारण तासाभराने जावा. तेवढ्यात माणूस दुसऱ्या दुकानांतले भाव बघतो, घरी विचारतो, पण साडी त्याच्या डोक्यातून गेलेली नसते. रात्री दहानंतर सुटलेली कार्ट मात्र सकाळी नऊपर्यंत थांबवून ठेवा.

दुसऱ्या मेलची वेळ कुरियरवरून ठरवा. समजा, पुण्याच्या एका बाईंनी मंगळवारी रात्री १०:४० ला करवतकाठी टसर साडी कार्टमध्ये ठेवली. धनत्रयोदशीच्या आधी साडी पुण्याला पोचवायची, तर गुरुवारी दुपारी ४ ला पार्सल नागपुरातून निघायला हवं, असं तुमचा कुरियरवाला सांगतो. मग पहिला मेल बुधवारी सकाळी ९ ला, दुसरा गुरुवारी सकाळी १० ला. त्यानंतर एकही नाही. वेळ टळल्यावर गेलेला मेल त्या बाईंच्या काही उपयोगाचा नसतो.

या दोन दिवसांत तुमच्या दिवाळी सेलच्या सरसकट मेलमधून त्यांना वगळा. बहुतेक वेळा कटकट इथूनच सुरू होते. आठवणीचे मेल दोनच असतात, पण सेलचे तीन धरून ग्राहकाला पाच दिसतात.

प्रश्न : मेलमध्ये लिहायचं काय? ‘घाई करा, शेवटची संधी’ असं लिहिलं तर लोक लवकर घेतात ना?

आधी लोक का थांबले ते शोधा. तुमच्या साइटवर स्वतः पुण्याचा पिनकोड टाकून चेकआउटपर्यंत जा. ६,८०० रुपयांच्या साडीवर १५० रुपये पाठवणी खर्च अगदी शेवटच्या पानावर उगवत असेल आणि पोचण्याची तारीख कुठेच दिसत नसेल, तर कारण तिथेच आहे. मेलने याच दोन शंकांचं उत्तर द्यायचं:

> विषय: तुमची करवतकाठी साडी कार्टमध्ये ठेवली आहे
>
> नमस्कार, तुम्ही निवडलेली निळी टसर साडी अजून उपलब्ध आहे. किंमत ६,८०० रुपये, पाठवणी १५० रुपये, एकूण ६,९५०. गुरुवारी दुपारपर्यंत ऑर्डर दिल्यास पार्सल त्याच दिवशी ४ ला नागपूरहून निघेल आणि पुण्यात साधारण तीन दिवसांत पोचेल. रंग किंवा पोताबद्दल काही विचारायचं असेल तर याच मेलला उत्तर द्या.

खाली साडीचा एक फोटो, ‘कार्ट उघडा’ हे एकच बटण आणि ‘या साडीची आठवण नको’ अशी लिंक. बटण दाबल्यावर भरलेली कार्टच उघडली पाहिजे. मोबाइलवर मुखपृष्ठ उघडून पुन्हा साडी शोधायला लागली, तर ग्राहक तिथूनच परत जातो.

‘शेवटचा एकच नग’ हे खरं असेल तरच लिहा. ऑनलाइन ग्राहकाला फसवणाऱ्या युक्त्यांना डार्क पॅटर्न म्हणतात; खोटी घाई दाखवणं २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयक केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार निषिद्ध आहे, आणि शेवटपर्यंत लपवलेला खर्चही त्याच यादीत येतो.

प्रश्न : एका ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले, तरी त्याला ‘ऑर्डर अपूर्ण आहे’ असा मेल गेला. तो फार चिडला. असं का होतं?

सणाच्या गर्दीत बँकेकडून पैसे जमा झाल्याचा निरोप कधीकधी उशिरा येतो. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेलेली असते, तुमच्या साइटवर मात्र ऑर्डर अर्धवट दिसते. ऑर्डर अपूर्ण आहे का हे मेल रांगेत लागतानाच तपासलं आणि पाठवताना पुन्हा बघितलं नाही, तर हे होणारच.

म्हणून ऑर्डरची स्थिती मेल सुटण्याच्या क्षणी तपासायला लावा. पैसे भरण्याचा प्रयत्न झालेली कार्ट आठवणीच्या यादीतून पूर्ण बाहेर काढा आणि तिला वेगळा मेल पाठवा: ‘तुमचं पेमेंट अजून आमच्याकडे दिसत नाही. खात्यातून पैसे कापले गेले असतील तर पुन्हा भरू नका, आम्ही तपासून कळवतो.’ पैसे अडकल्याच्या काळजीत असलेल्याला ‘काहीतरी विसरलात का?’ असं विचारलं की भरवसा उडतो.

सोडलेली कार्ट आणि झालेली ऑर्डर यांची जुळणी ईमेलबरोबर मोबाइल नंबरवरही करा. बरेच जण कार्ट सोडून फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर ऑर्डर देतात, कुणी थेट दुकानात येतात. ती विक्री त्याच दिवशी संगणकात चढली नाही, तर साडी नेसून झाल्यावरही तिची आठवण जाईल.

प्रश्न : सवलतीचं कूपन द्यावं का?

पहिल्या मेलमध्ये नको. कार्ट सोडली की कूपन येतं हे नेहमीच्या गिऱ्हाइकांना लगेच कळतं, मग ते मुद्दाम सोडतात. द्यायचंच असेल तर दुसऱ्या मेलमध्ये पाठवणी खर्च माफ करा. ग्राहक ज्या १५० रुपयांवर अडला होता तेच कमी होतात, आणि साडीचा भाव सगळ्यांना सारखाच राहतो.