ग्रे आणि सीव्हर्ट: शोषित, समतुल्य आणि परिणामी मात्रा

प्रश्न: या तीन मात्रांत फरक काय, आणि भारांक कसे ठरवतात?

शोषित मात्रा म्हणजे किरणोत्सर्गामुळे एक किलो ऊतीत जमा झालेली ऊर्जा (ग्रे). तिला किरणांच्या प्रकाराच्या भारांकाने गुणलं की समतुल्य मात्रा आणि पुढे अवयवाच्या भारांकाने गुणून सर्व अवयवांची बेरीज केली की परिणामी मात्रा मिळते (दोन्ही सीव्हर्टमध्ये). रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे फुफ्फुसांना अल्फा कणांची १ मिलिग्रे मात्रा मिळाली असं धरा. अल्फाचा भारांक २०, म्हणून समतुल्य मात्रा २० मिलिसीव्हर्ट. फुफ्फुसांचा भारांक ०.१२, म्हणून परिणामी मात्रेत त्यांचा वाटा २.४. क्ष-किरणांचा भारांक १ असल्याने तेवढ्याच ऊर्जेला हा वाटा फक्त ०.१२ आला असता.

हे आकडे आयसीआरपी या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २००७ च्या शिफारशींतले आहेत. किरणांचे भारांक पेशी आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतून, तर अवयवांचे मुख्यतः हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमधल्या कर्करोगाच्या नोंदींवरून येतात. ते सर्व वयांची आणि स्त्री-पुरुषांची सरासरी काढून, मुद्दाम ढोबळ केलेले असतात. त्यांत समितीचा निर्णयही असतो. स्तनांचा भारांक २००७ मध्येच ०.०५ वरून ०.१२ झाला.

म्हणून परिणामी मात्रेवरून एखाद्या रुग्णाचा वैयक्तिक धोका काढू नका. त्वचा भाजण्यासारख्या मोठ्या मात्रेच्या इजेसाठीही ती चालत नाही. तिथे त्या अवयवाची शोषित मात्राच पाहावी.