ड्रॉवरमधले चेक आणि लेथचा सौदा

"शिरोली एमआयडीसीत आमचं मशिनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. १२ ऑक्टोबरला एका पार्टीने १० नोव्हेंबर, १० डिसेंबर आणि १० जानेवारीचे प्रत्येकी १,६०,००० रुपयांचे तीन चेक दिले. टॅलीत बँकेत ६,१०,००० शिल्लक दिसते. उद्यमनगरात एक जुना लेथ ४ लाखांत रोखीने मिळतोय. घेऊन टाकू का?"

आत्ता पूर्ण रक्कम देऊ नका. तुमच्या हिशेबनीसाने तिन्ही चेक हातात पडले त्याच दिवशी बँकेच्या नावे टाकलेले दिसतात. ते ४,८०,००० वजा केले की खात्यात खरे पैसे १,३०,००० उरतात. पासबुक काढून बघा, लगेच दिसेल.

ती नोंद आजच दुरुस्त करा. 'हातातले पुढील तारखेचे चेक' असं वेगळं खातं चालू मालमत्तेत उघडा, बँकेच्या गटात नको. १२ ऑक्टोबरची नोंद अशी हवी: हे खातं नावे ४,८०,०००, पार्टी जमा ४,८०,०००. नोंदीच्या तपशिलात प्रत्येक चेकचा नंबर, बँक आणि तारीख लिहा. १० नोव्हेंबरला पहिला चेक भरला की बँक नावे १,६०,०००, हातातले चेक जमा १,६०,०००. चेक परतला तर पार्टी नावे, बँक जमा. बँकेने कापलेला चार्ज वेगळा टाका.

या पद्धतीत एक धोका आहे आणि माझ्या मते तोच मोठा आहे. चेक घेतल्याबरोबर पार्टीचं खातं शून्य दिसतं, आणि "यांचं काहीच बाकी नाही" म्हणून आपण पुन्हा उधारीवर माल सोडतो. नवीन माल देण्यापूर्वी पार्टीची बाकी आणि तिचे न वटलेले चेक यांची बेरीज करा. खरी उधारी तीच. ३१ मार्चला एप्रिलचा चेक हातात असेल तर तोही येणंच धरा, बँक शिल्लक नव्हे.

तारखेआधी चेक भरू नका, बँक तो परत पाठवते. "आठवडाभर थांबा" असा पार्टीचा फोन आला तर एखाद वेळ ऐकायला हरकत नाही, पण चेक त्यावरच्या तारखेपासून ३ महिनेच चालतो. नोव्हेंबरचा चेक फेब्रुवारीच्या मध्यावर बाहेर काढलात तर तो निव्वळ कागद. मुदतीत भरलेला चेक पैशांअभावी परतला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पार्टीला पैसे द्यायला १५ दिवस मिळतात. नोटिशीची मुदत चुकली की चेक परतल्याबद्दल खटला भरायचा कलम १३८चा आधार हातचा जातो.

लेथवाल्याला सांगा: आज ४० हजार बयाणा, नोव्हेंबर आणि डिसेंबरचा चेक वटल्यावर प्रत्येकी दीड लाख, उरलेले ६० हजार जानेवारीत. यात पगार आणि वीजबिलाला खात्यात ९० हजार राहतात. तो तयार नसेल तर हा लेथ सोडा. पहिला चेक परतला तर बयाण्याचं काय, हेही त्याच्याकडून आधी लिहून घ्या.