गॅलरीत अडकलेली चित्रे आणि करारातलं कलम सात

प्रश्न: मी नाशिकमध्ये जलरंगात काम करते. गोदाघाट, सुंदरनारायण, जुने वाडे असे माझे विषय. 15 ऑक्टोबर 2022 रोजी इथल्याच एका गॅलरीशी करार करून अकरा चित्रे विक्रीसाठी दिली. कमिशन 35 टक्के. कलम सात असं आहे: ‘हा करार सहीच्या तारखेपासून बारा महिने अमलात राहील. मुदतवाढ उभयपक्षी लेखी संमतीनेच होईल.’ मुदतवाढ लिहून घेतली नाही, चित्रेही तिथेच राहिली. डिसेंबर 2022 मध्ये एक चित्र 40 हजारांना, मार्च 2023 मध्ये दुसरं 50 हजारांना आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिसरं 60 हजारांना गेलं. मला फक्त पहिल्याचे 26 हजार मिळाले. गेल्या डिसेंबरात व्हॉट्सअ‍ॅपवर चित्रे आणि हिशोब मागितला, तर ‘2027 चा सिंहस्थ येतोय, घाटाच्या चित्रांना मागणी येईल, थांबा’ असं उत्तर आलं. आता म्हणतात, फ्रेमिंगचे 22 हजार भरल्याशिवाय एकही चित्र हलणार नाही. फ्रेमिंगबद्दल करारात काहीच नाही. पोलिसांत तक्रार करू की नोटीस पाठवू?

उत्तर: गॅलरीकडे ठेवलेली चित्रे तुमचीच आहेत, यावर वेळ घालवत नाही. अशी पत्रं दर महिन्याला येतात आणि प्रत्येक चित्रकाराला वाटतं, वाद मालकीचा आहे. तुमचा वाद तारखेचा आहे. ती तारीख 14 ऑक्टोबर 2026.

कलम सातप्रमाणे गॅलरीची एजन्सी, म्हणजे तुमच्या वतीने चित्रे विकण्याचा अधिकार, 14 ऑक्टोबर 2023 ला संपली. मुदतीच्या कायद्यातलं अनुच्छेद 3 नेमकं तुमच्यासारख्यांसाठी आहे: मालकाने एजंटाकडे दिलेली किंवा एजंटाने मालकासाठी घेतलेली जंगम मालमत्ता, जिचा हिशोब एजंटाने दिला नाही. दाव्याला तीन वर्षं. एजन्सी चालू असताना हिशोब मागितला आणि तो नाकारला गेला, तर त्या दिवसापासून; तशी मागणी झालीच नसेल, तर एजन्सी संपली त्या दिवसापासून. करार चालू असताना तुम्ही काही मागितलं असेल, तर पत्रात ते दिसत नाही. म्हणजे घड्याळ ऑक्टोबर 2023 पासून फिरतंय आणि त्याबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं नाही. आता सिंहस्थाची वाट पाहण्याचा सल्ला परत वाचा. 2027 उजाडेल तेव्हा तुमचा दावा मुदतबाह्य झालेला असेल. गॅलरीवाल्याने हे ठरवून केलं की सहज बोलून गेला, हे मला माहीत नाही आणि कोर्टालाही त्याने फरक पडणार नाही.

तुमची बाजू घेणारा दुसरा युक्तिवाद आहे, तोही सांगतो. मुदत संपल्यावरही चित्रे भिंतीवर राहिली, गॅलरीने तिसरं चित्र विकलं, तुम्ही हरकत घेतली नाही. म्हणजे वागणुकीतून एजन्सी पुढे चालू राहिली. तसं मानलं तर मुदत खूप पुढे सरकते. पण ‘लेखी संमतीनेच’ हे शब्द त्याच कलमात बसलेत आणि समोरचा वकील पहिल्याच तारखेला त्यांच्यावर बोट ठेवेल. न विकलेल्या आठ चित्रांसाठी अनुच्छेद 70 पुढे करता येईल: दुसऱ्याकडे ठेव म्हणून ठेवलेली वस्तू, मागणी करूनही नाकारल्यापासून तीन वर्षं. तोही युक्तिवाद बरा आहे. पण हे दोन्ही संकटकाळचे दरवाजे आहेत. दावा मात्र सर्वांत आधीची तारीख खरी धरूनच दाखल करा.

मार्च 2023 च्या विक्रीचे पैसे मार्चपासून मोजा, ते तर कधीच मुदतबाह्य झाले, असंही समोरून येईल. त्याला उत्तर अनुच्छेद 3 मध्येच आहे: एजंटाविरुद्ध घड्याळ प्रत्येक विक्रीपासून नव्हे, एजन्सी संपल्यापासून फिरतं.

तिसऱ्या चित्राबाबत एक मोह आवरा. एजन्सी संपल्यावर विकलं, मग कमिशन का देऊ, असं तुम्हाला वाटेल. हा मुद्दा लावून धरलात तर एजन्सी ऑक्टोबर 2023 मध्ये संपली हे तुम्ही स्वतःच्याच तोंडाने कबूल करता आणि वर सांगितलेला पर्यायी युक्तिवाद गेला. 60 हजारांवरचे 21 हजार कमिशन त्या युक्तिवादापुढे फार नाहीत. देऊन टाका. खरेदीदाराच्या मागेही लागू नका. मालकाच्या संमतीने ताबा असलेल्या व्यापारी एजंटाकडून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला मालविक्री कायद्याचं कलम 27 संरक्षण देतं. एजंटाचा अधिकार संपला होता हे त्याला माहीत नसेल तर ते चित्र त्याचं झालं.

हिशोब असा मांडा. तीन विक्री मिळून दीड लाख. 35 टक्के कमिशन 52,500. तुमचा वाटा 97,500, मिळाले 26,000, बाकी 71,500. हा आकडा नोटिशीत जसाच्या तसा आला पाहिजे. ‘योग्य ती रक्कम’ असं लिहिणाऱ्यांची मला चीड येते.

आता फ्रेमिंगचे 22 हजार. ही मागणी बरोबर आहे की नाही, यात आत्ता शिरत नाही. बिलं पाहिल्याशिवाय मी काही म्हणणार नाही, आणि तुम्ही तोंडी ‘करा फ्रेम’ म्हणाला असाल तर काही रक्कम द्यावी लागू शकते. प्रश्न चित्रे अडवून ठेवण्याचा आहे. करार कायद्याच्या कलम 221 प्रमाणे एजंटाला आपलं कमिशन आणि खर्च मिळेपर्यंत माल धरून ठेवता येतो, पण त्याच मालासंबंधीचं जे येणं असेल तेवढ्यापुरताच. कलम 171 मध्ये ‘फॅक्टर’ म्हणजे ताब्यातला माल विकणाऱ्या आडत्याला सगळ्या येण्यासाठी सगळा माल धरण्याचा मोठा हक्क आहे आणि गॅलरी आपण फॅक्टर आहोत असं म्हणू शकते. हा वाद दोन्हीकडे झुकू शकतो. पण तुमच्याकडे त्याहून सोपं उत्तर आहे. गॅलरीच्या हातात तुमचे 71,500 आहेत. कलम 217 तिला त्यातून खर्च वळता करून घेऊ देतं आणि कलम 218 उरलेली रक्कम तुम्हाला द्यायला लावतं. समजा 22 हजार पूर्ण खरे धरले, तरी ते वळते करून 49,500 तुम्हालाच यायचे राहतात. स्वतःच देणेकरी असलेल्या माणसाने आठ चित्रे अडवून ठेवायची कशासाठी? नोटिशीत हे वाक्य लिहा: फ्रेमिंगची रक्कम आम्हाला मान्य नाही, तरीही हक्क राखून ती बाकी रकमेतून तात्पुरती वळती समजावी आणि चित्रे द्यावीत.

नोटीस वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने आणि ईमेलवर, पंधरा दिवसांची मुदत देऊन. करार अजून जिवंत आहे असं धरलं तर तो या नोटिशीने संपवत आहोत, हेही त्यात ‘हक्क अबाधित ठेवून’ या शब्दांसह लिहा. आणि आमच्या पक्षकारांच्या मनातून जाता जात नाही ती गोष्ट: नोटिशीने मुदत थांबत नाही. एक दिवसही नाही.

मुदत नव्याने सुरू होते ती मुदतीच्या कायद्याच्या कलम 18 च्या लेखी, सही केलेल्या कबुलीने, आणि ती मुदत संपण्याआधीची हवी. म्हणून नोटिशीबरोबर आठही चित्रांची यादी जोडा, शीर्षक, आकार, वर्ष आणि फोटोसह, आणि ‘ही चित्रे आमच्या ताब्यात आहेत’ असं सही-शिक्क्याने कळवा असं मागा. त्यांनी उत्तरात ‘चित्रे आहेत, पण पैसे भरल्याशिवाय देणार नाही’ असं लिहून सही केली, तरी तुमचं काम झालं. नकारासह दिलेली कबुलीही कबुलीच असते. व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तर ‘सही केलेलं’ ठरतं का, यावर मी पैज लावणार नाही. तरी तो फोन विकू नका, चॅट पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडून तो पुरावा द्यावा लागेल. चित्रे देताना पावती घेतली नाहीत, असं दिसतंय. अकरा चित्रे कुणी रद्दी दिल्यासारखी देतं का? आता घरी चित्रांचं काम चालू असतानाचे फोटो आणि गॅलरीने प्रदर्शनाची छापलेली निमंत्रणं शोधा.

दाव्याआधी आणखी एक दार आहे. आठ चित्रांची किंमत आणि बाकी मिळून तीन लाखांच्या वर जात असेल, तर हा वाद व्यापारी न्यायालयाच्या कायद्यात बसण्याची दाट शक्यता आहे. तिथे ‘व्यापारी एजन्सी’ स्पष्टपणे नमूद आहे. तसं असेल आणि तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर कलम 12-अ प्रमाणे आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मध्यस्थीचा अर्ज करावाच लागतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाटील ऑटोमेशन प्रकरणात ही अट सक्तीची ठरवली. ती टाळून आलेला दावा फेटाळला जातो. मध्यस्थीचा काळ मुदतीतून वगळला जातो, पण वाद व्यापारी नाहीच असं पुढे ठरलं तर ती सवलत मिळण्याची खात्री नाही. म्हणून सप्टेंबर अखेरपर्यंत मध्यस्थी लांबली तर माझ्या मते थांबू नका. गॅलरी चित्रे विकून टाकेल अशी खरी भीती असेल, ‘सिंहस्थात विकू’ हा निरोप तिचा पुरावा आहे, तर विक्रीला मनाई मागून थेट दावा दाखल करता येतो. मनाई केवळ मध्यस्थी टाळण्यासाठी मागितल्यासारखी दिसली तर मात्र कोर्ट खपवून घेत नाही.

दाव्यात चित्रे परत मागा, ती न मिळाल्यास प्रत्येकाची किंमत मागा, आणि 71,500 वेगळे मागा. नुसता ‘हिशोब द्या’ असा दावा केलात तर आधी हिशोब घेण्याचा प्राथमिक हुकूमनामा, मग कोर्ट कमिशनर, मग अंतिम हुकूमनामा. सीबीएसजवळच्या कोर्टात त्या मार्गाने किती उन्हाळे जातील हे मी सांगत नाही.

पोलिसांचं म्हणाल, तर अपहाराची तक्रार करता येते, पण एजंट हिशोबाचा वाद दाखवू शकतो तिथे पोलिस ‘दिवाणी मामला’ म्हणून कागद परत देतात, आणि त्यात तुमचे दोन-तीन आठवडे जातात. गॅलरीने ‘तुमची चित्रे आमच्याकडे नव्हतीच’ असं उलटं उत्तर लिहून दिलं, तर मात्र मला पुन्हा लिहा. तेव्हा सल्ला बदलेल.

चित्रे परत मिळत असतील तर एकट्या जाऊ नका. प्रत्येक चित्र काचेमागून आणि पाठीमागून पाहा. पावसाळ्यात जलरंगांवर बुरशी, माउंटवर पिवळे डाग दिसतात. दिसले तर तिथेच फोटो काढा आणि पावतीवर नोंद करा. पावती गॅलरी छापून ठेवेल, ‘कोणतीही बाकी नाही’ असं लिहून. ते वाक्य आडवं खोडा, ‘फक्त आठ चित्रे मिळाली, रक्कम 71,500 बाबत हक्क राखून’ असं हाताने लिहा, तारीख घाला आणि मगच सही करा.