९० हर्ट्झच्या हेडसेटमध्ये गरगरण्याचे कारण आणि रेझोल्यूशनचा हिशेब

प्रश्न : माझा व्हीआर हेडसेट ९० हर्ट्झवर चालतो. SteamVR मध्ये सुपरसॅम्पलिंग १५० टक्के ठेवले की चित्र सुरेख दिसते, पण हात हलवला की त्याच्या कडा लिबलिबतात आणि थोड्या वेळाने गरगरायला लागते. रिप्रोजेक्शन बंद करू का, की रिफ्रेश रेट १२० करू?

उत्तर : सध्या दोन्ही करू नका, आधी सुपरसॅम्पलिंगचे टक्के, म्हणजेच रेझोल्यूशन, कमी करा. हाताच्या कडा लिबलिबतात याचा अर्थ बहुधा असा, की तुमचे ग्राफिक्स कार्ड फ्रेम वेळेत पूर्ण करू शकत नाही आणि मोशन स्मूदिंग हा रिप्रोजेक्शनचा प्रकार सुरू झालेला आहे.

९० हर्ट्झवर एका फ्रेमसाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. कार्डाला त्याहून थोडा जरी जास्त वेळ लागू लागला, तरी मोशन स्मूदिंग गेमला सेकंदाला ४५ फ्रेमवर आणते आणि मधली प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेममधील हालचालीवरून अंदाजाने तयार करते. म्हणजे १३ मिलिसेकंद लागणाऱ्या गेममध्ये खरी नवी फ्रेम २२.२ मिलिसेकंदांनी येते. दूरच्या डोंगराबाबत हा अंदाज सहसा बरोबर ठरतो. पण जवळून हलणाऱ्या हाताने मागचा जो भाग नुकताच मोकळा केला तो आधीच्या फ्रेममध्ये नसतोच, म्हणून तेथील चित्र ताणून भरले जाते आणि कडा पातळ खळीसारख्या हलतात. कठड्याचे बारीक गज आणि विमानाचा फिरता पंखा यांच्याभोवतीही हेच दिसते.

मोशन स्मूदिंग बंद केल्याने फ्रेम वेळेत येऊ लागत नाहीत. त्याच्या खाली असलेले साधे रिप्रोजेक्शन तरीही काम करत राहते आणि शेवटची फ्रेम डोक्याच्या नव्या दिशेनुसार फिरवून दाखवते. ते मुख्यतः मान वळण्याची भरपाई करते, शरीर सरकण्याची करत नाही. हे पडताळायचे असेल तर आभासी टेबलाच्या कडेजवळ उभे राहा. नुसती मान वळवली तर सारे स्थिर वाटेल, पण एक पाऊल बाजूला सरकताच जवळची कड थरथरेल आणि हलणारा हात दुहेरी दिसेल. शरीर सरकले आणि डोळ्यांसमोरचे जग त्याच क्षणी सरकले नाही, ही विसंगती अनेकांना लिबलिबणाऱ्या कडांपेक्षा अधिक त्रास देते; म्हणून रिप्रोजेक्शन अडखळणाऱ्या क्षणांसाठी चालू असावे, मात्र सतत त्याच्या भरवशावर खेळू नये, असे माझे मत आहे.

आता मोजणी करा. फ्रेम टायमिंगचा आलेख उघडा, गेममधील सर्वांत जड प्रसंगात उभे राहा (रिकाम्या खोलीत घेतलेले माप फसवते) आणि जीपीयूचा वेळ दोन वेगवेगळ्या रेझोल्यूशनला नोंदवा. उदाहरणादाखल समजा, १५० टक्क्यांना १३ मिलिसेकंद आणि १०० टक्क्यांना ९.६ मिलिसेकंद आले. SteamVR मधील हे टक्के एकूण पिक्सेलांचे असतात, त्यामुळे १५० म्हणजे दीडपट पिक्सेल. अर्धी पट पिक्सेल वाढल्याने ३.४ मिलिसेकंद वाढले, म्हणजे १०० टक्क्यांना पिक्सेलांचे काम ६.८ आणि उरलेले २.८ मिलिसेकंद जवळजवळ स्थिर आहेत. धूर, गर्दी आणि स्फोट यांसाठी सुमारे १५ टक्के वेळ राखून ठेवला, तर ९० हर्ट्झवर हाती साधारण ९.४ मिलिसेकंद राहतात. त्यात सुमारे ९७ टक्के बसते. तेवढ्याने चित्र धूसर वाटत असेल आणि तुमच्या हेडसेटमध्ये ८० हर्ट्झची सोय असेल, तर एका फ्रेमला १२.५ मिलिसेकंद मिळतात, राखीव वेळ सोडून १०.६ उरतात आणि त्यात सुमारे ११५ टक्के बसते. हिशेब अंदाजी आहे, त्यामुळे नवे मूल्य ठेवल्यावर त्याच जड प्रसंगात पुन्हा माप घ्या.

१२० हर्ट्झवर मात्र हाती ८.३ मिलिसेकंदच राहतात. राखीव वेळ वजा जाता उरलेल्या ७.१ मध्ये बसण्यासाठी याच उदाहरणात सुमारे ६३ टक्क्यांपर्यंत खाली यावे लागेल, आणि त्या रेझोल्यूशनला बारीक अक्षरे वाचणे कठीण होते. याला एक अपवाद आहे. विमानाच्या सिम्युलेटरसारखा गेम कोणत्याही रेटवर वेळेत पूर्ण होत नसेल, तर १२० च्या निम्म्यावर, म्हणजे स्थिर ६० फ्रेमवर, मोशन स्मूदिंगसह खेळणे हे ९० च्या निम्म्यावर खेळण्यापेक्षा चांगले, कारण तेव्हा नवी फ्रेम १६.७ मिलिसेकंदांनी येते आणि अंदाजाला कमी अंतर भरावे लागते.

रेझोल्यूशन बरेच उतरवूनही फ्रेम चुकतच राहिल्या, तर त्याच आलेखात सीपीयूचा वेळ पाहा. तो ११ च्या पुढे असेल तर पिक्सेल कमी करून काही साधणार नाही; सावल्यांचे अंतर, गर्दीतील पात्रांची संख्या आणि भौतिक हालचालींची गणना कमी करावी लागेल, किंवा रिफ्रेश रेट खाली आणावा लागेल. जीपीयू आणि सीपीयू दोन्हींचा वेळ मर्यादेत असूनही गरगरत असेल, तर कारण बहुधा फ्रेममध्ये नसून कंट्रोलरच्या काडीने सरकत चालण्यात आहे; तेथे टेलिपोर्ट निवडा आणि वळणे टप्प्याटप्प्याने घ्या.