‘चोत्तो…’ नंतरची शांतता

प्रश्न: जपानी सहकाऱ्याला शुक्रवारी जेवायला बोलावलं, तर तो ‘किनयोबी वा चोत्तो…’ म्हणून थांबला. हा नकार समजायचा का?

हो, नकारच. ‘शुक्रवारी जरा…’ एवढंच तो म्हणाला. जपानीत क्रियापद शेवटी येतं, आणि ‘जमणार नाही’ हा शेवटच तो गिळतो. म्हणजे ‘नाही’ त्याला उच्चारावं लागत नाही, तुम्हाला ऐकावं लागत नाही. लांबलेला ‘चोत्तोऽऽ’, उतरलेला आवाज, कधी दातांतून आत ओढलेला श्वास; एवढ्यावर ऐकणारा ओळखतो आणि ‘बरं, पुन्हा कधीतरी’ म्हणून मोकळा होतो. ‘जरा काय?’ असं विचारू नका, त्याला फार अवघडल्यासारखं होईल. ‘किनयोबी’ म्हणजे शुक्रवार, त्याला जोडलेल्या ‘वा’मुळे मात्र तो इतर दिवसांपासून वेगळा निघतो; म्हणजे अडचण कदाचित फक्त शुक्रवारची असेल. त्याने आपणहून दुसरा वार सुचवला, तर त्याला खरंच यायचंय. नाही सुचवला, तर विषय तिथेच सोडा.