खोकताना डोक्यात कळ येत असेल तर एकदा एमआरआय कराच

प्रश्न: मी ३४ वर्षांचा, बाकी काही त्रास नाही. डेडलिफ्ट मारताना आणि जोरात खोकला आला की डोक्यात मागे जबरदस्त कळ येते, मिनिटभरात जाते. सीटी स्कॅन नॉर्मल आलाय. तरी एमआरआय करायची गरज आहे का?

उत्तर: हो, आहे. मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिशियन आहे, आणि सीटी नॉर्मल आला म्हणून इथेच थांबू नका असंच सांगेन.

आधी एक फरक बघा. धावल्यावर, फुटबॉल खेळल्यावर, मे महिन्याच्या उकाड्यात रापण ओढल्यावर डोकं ठणकायला लागतं आणि तासन्‌तास ठणकत राहतं, ती मेहनतीची डोकेदुखी. तुमची तशी दिसत नाही. श्वास कोंडून जोर लावला की लगेच कळ आणि सोडला की गेली, म्हणजे ही खोकल्याच्याच जातीची. शिंकताना, खदखदून हसताना, संडासला जोर करताना, भरलेली कळशी उचलतानाही येते का ते आठवून बघा. ही बऱ्याच जणांत निरुपद्रवी असते, पण साधारण १० पैकी ४ जणांत मागे काहीतरी कारण सापडतं, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळा कियारी.

कियारी म्हणजे लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाच्या भोकातून मानेत उतरलेली असणं. खोकलं की छाती-पोटातला दाब वर चढतो, मेंदूभोवतीचं पाणी मणक्याकडे सरकायला बघतं आणि तिथे ही टोकं बूच बसल्यासारखी अडकतात, म्हणून कळ मागेच येते.

माझ्याकडे एक मासळी विकणारी ताई आली होती, चाळिशी ओलांडलेली. पावसाळ्यात खोकला झाला आणि प्रत्येक ढासेला मानेच्या वर सणक, टोपली उचलतानाही तेच. सीटी नॉर्मल, गोळ्या खाऊन झालेल्या. मी सहज हातांचं विचारलं तर म्हणाली, "डॉक्टर, बर्फात हात घातला की उजव्या हाताला गार लागतच नाही, सवय झालीय." तपासलं तर त्या हाताला टाचणी टोचलेली कळत नव्हती, पण कापसाचा स्पर्श कळत होता. एमआरआयमध्ये टोकं ९ मिलिमीटर खाली, आणि मानेतल्या मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी तयार झालेली, त्यामुळेच थंड-गरम कळेना. मुंबईला ऑपरेशन झालं, मागचं थोडं हाड काढून जागा मोकळी केली. खोकताना येणारी कळ गेली, हाताची संवेदना मात्र अर्धीमुर्धीच परत आली. म्हणून म्हणतो लवकर बघा.

सीटीत हे सुटू शकतं कारण कवटीच्या तळाशी जाड हाड असतं आणि तिथलं चित्र नीट येत नाही. एमआरआय ब्रेनचा करताना चिठ्ठीवर क्रॅनिओव्हर्टेब्रल जंक्शन, म्हणजे कवटी आणि मान जुळतात तो भाग, दाखवा असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. टोकं ५ मिलिमीटर किंवा जास्त खाली असली तर साधारणपणे कियारी म्हणतात, पण नुसत्या आकड्यावरून ऑपरेशन ठरत नाही, त्रास किती आणि मज्जारज्जूत पोकळी आहे का हे बघतात. आणि उभं राहिलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं असं होत असेल तर आधीच सांगा, कारण मेंदूभोवतीचं पाणी कुठेतरी गळत असलं तरी मेंदू खाली ओढला जाऊन चित्र कियारीसारखं दिसतं आणि उपचार अगदी वेगळा असतो. अशा वेळी कॉन्ट्रास्ट देऊन एमआरआय करावा लागतो.

एमआरआय स्वच्छ आला तर इंडोमेथासिन नावाचं वेदनाशामक बऱ्याच जणांना छान लागू पडतं, पण पोट आणि किडनीला त्रास देतं म्हणून डॉक्टरांनी दिलं तरच घ्या. त्याने बरं वाटलं म्हणजे आत काही नाही असं मात्र धरू नका, कारण आत काही असलेल्यांनाही कधीकधी आराम पडतो. बीपीसाठी रामिप्रिल, एनालाप्रिलसारखी गोळी चालू असेल तर कोरडा खोकला त्यानेच येत असेल, तेही विचारा.

आता ज्यात वाट बघायचीच नाही ते. व्यायाम करताना आयुष्यात पहिल्यांदाच अशी डोकेदुखी की क्षणात टोकाला गेली आणि कमी होत नाही, सोबत उलटी, मान ताठ, चक्कर येऊन पडणं, दोन-दोन दिसणं किंवा मानेत नवीन दुखणं, तर ती रक्तस्रावाची किंवा मानेतली रक्तवाहिनी फाटल्याची असू शकते. तेव्हा सीटी असलेल्या हॉस्पिटलला लगेच निघा, रात्र असली तरी, कारण रक्तस्राव सीटीत पहिल्या ६ तासांत सगळ्यात खात्रीने दिसतो. आणि घरात कोणी पन्नाशीच्या पुढचे, डायबिटीस-बीपीवाले, घाटी चढताना डोकं दुखतं आणि थांबलं की जातं असं म्हणत असतील तर त्यांचं हृदय तपासून घ्या.

एमआरआय होईपर्यंत जड वजनं बंद, चालणं चालू ठेवा. आणि मान मोडून किंवा झटका देऊन घ्यायला कुणाकडेही जाऊ नका, कियारी असेल तर ते धोक्याचं आहे.