छापखान्याला दर विचारण्याआधी

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुस्तकाच्या छपाईची दोन्ही कोटेशनं वाचली. ५०० प्रतींसाठी एकाने प्रतीमागे ६२ रुपये सांगितलेत, दुसऱ्याने ७१. स्वस्त कोटेशनमध्ये ‘नॅचरल शेड’ एवढंच लिहिलंय, कागदाच्या वजनाचा, म्हणजे जीएसएमचा, पत्ता नाही. दुसऱ्याने ७० जीएसएम स्पष्ट लिहिलंय. पहिल्याने पातळ कागद लावला, तर पाठच्या पानाची अक्षरं पुढे दिसतील. शिवाय पानांचे गठ्ठे, म्हणजे फॉर्म, शिवून बांधणार की नुसता गोंद लावणार, हेही विचार. त्याने आधी बांधलेलं एखादं पुस्तक मागून घे आणि मधोमध उघडून तळहाताने दाब. पाठ कडकन तुटली, तर नऊ रुपये कुठे वाचले ते कळेल.

आता पानं. डेमी आकारात एका फॉर्मात १६ पानं बसतात. तुझी १४८ झालीत, म्हणजे नऊ फॉर्म भरून चार पानं उरली. एवढ्या चार पानांसाठी वेगळी प्लेट आणि मशीनची वेगळी फेरी लागते. मनोगत दोन पानांनी आटोपतं घे (तसंही ते लांबलंय) आणि मधली दोन कोरी पानं काढ. बरोबर १४४ होतील. मग दोघांकडून ३०० आणि ५०० प्रतींचे दर नव्याने माग. प्लेटचा खर्च ३०० प्रतींना आणि ५०० प्रतींना सारखाच असल्याने फरक नीट दिसेल.

पण त्याआधी मुद्रितशोधन. संपादकाने वर्ड फाइल तपासली म्हणून निर्धास्त राहू नकोस. युनिकोडचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं मोडतात. माझ्या पहिल्या पुस्तकात ‘वाऱ्यावर’चं सगळीकडे ‘वार्यावर’ झालं होतं. फाइल शुद्ध होती. मांडणीनंतरची पीडीएफ मी वाचलीच नव्हती. ती कागदावर छापून घे आणि ज्याने पुस्तक आधी वाचलेलं नाही अशा कुणाला तरी दे. रफार आणि ‘ऱ्य’ मुद्दाम शोधायला सांग.

मुखपृष्ठकाराला अंतिम पानसंख्या आणि कागद कळल्याशिवाय पाठीची रुंदी ठरत नाही. तोवर त्याला फक्त पुढची बाजू करू दे. आयएसबीएनसाठी isbn.gov.in वर अर्ज आत्ताच कर. त्याला पैसे पडत नाहीत, पण क्रमांक यायला किती दिवस लागतील ते आपल्या हातात नसतं, आणि मलपृष्ठावरचा बारकोड त्याच्यावरच अडतो.

राहिला प्रकाशनासाठी दिवाळी पाडव्याचा मुहूर्त. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत छापखाने आणि बाइंडर दिवाळी अंकांत गळ्यापर्यंत बुडालेले असतात. त्यांच्या गर्दीत तुझे नऊ फॉर्म कोपऱ्यात पडून राहतील. प्रकाशन जानेवारीत ने. छपाई डिसेंबरच्या सुरुवातीला लाव आणि बांधलेल्या प्रती हातात आल्यावरच सभागृहाला पैसे भर.

१४४ पानांची पीडीएफ झाली की मला पाठव. रफार मीही शोधतो.

तुझा,
काका